दसादशे साडेआठ, पण कसे?

1 एप्रिल 2016 रोजी पोस्टाच्या पाच वर्षांच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा दर साडेआठ टक्क्यांवरून 8.1 वर आला. 0.4 टक्क्याची घट लगेच डोळ्यात भरली. त्याच दिवशी या प्रमाणपत्राची सहामाही चक्रवाढ बंद होऊन वार्षिक झाली, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

साडेआठ टक्के सहामाही चक्रवाढीने, म्हणजे दर सहा महिन्यांना सव्वाचार टक्के. पाच वर्षांत असे दहा हप्ते पडतात, म्हणून गुणक 1.0425 चा दहावा घात. शंभराचे 151.62 रुपये होत. वार्षिक 8.1 ने गुणक 1.081 चा पाचवा घात, शंभराचे 147.61. दर साडेआठच ठेवून नुसती चक्रवाढ वार्षिक केली असती, तरी 150.37 रुपयेच हाती आले असते. चार रुपयांच्या घटीतला सव्वा रुपया असा दराला हात न लावता गेला.

घोटाळा होतो तो अर्धेच काम करण्यात. दर निम्मा केला आणि हप्ते दुप्पट करायचे राहिले, तर 1.0425 चा पाचवा घात फक्त 1.23 भरतो. सरळव्याजानेसुद्धा शंभराचे 142.50 होतात, तेव्हा चक्रवाढ त्याच्या खाली जाईलच कशी? उलट, हप्ते दहा धरून दर निम्मा करायचा राहिला, तर पाच वर्षांत पैसा सव्वादोन पट! इतके उदार पोस्ट कुठले असायला?

दर वर्षी दर बदलला, तर घात लिहिताच येत नाही. दर वर्षाचा गुणक वेगळा मांडावा लागतो. भविष्य निर्वाह निधीचा दर 2020-21 साली 8.5, पुढल्या वर्षी 8.1 आणि 2022-23 ला 8.15 टक्के होता. आरंभीच्या लाख रुपयांची रास, नवी वर्गणी बाजूला ठेवून, 1.085 × 1.081 × 1.0815, म्हणजे सुमारे 1,26,848 रुपये. तिन्ही दरांची बेरीज करून 24.75 टक्के लावणारा दोन हजारांनी कमी सांगेल. सरासरी 8.25 घेऊन घन करणाऱ्याचे उत्तर रुपयाच्या आत जुळते, पण ते दर जवळजवळ होते म्हणून. एका वर्षी 50 टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी 50 टक्के घट असेल, तर सरासरी शून्य. गुणाकार मात्र 1.5 × 0.5, म्हणजे शंभराचे पंचाहत्तर.

गुणाकारात दरांचा क्रम उलटासुलटा केला तरी लाखाची रास बदलत नाही. वर्गणी सुरू असेल, तर ही मुभा संपते: दुसऱ्या वर्षाच्या आरंभी भरलेल्या रकमेला पहिला 1.085 लागतच नाही, आणि तिची साखळी 1.081 पासून वेगळी लिहावी लागते.