स्टॉपची किंमत आणि सोमवारची सकाळ

जुन्या बाजारपेठेत तेजी-मंदीचे सौदे ज्यांनी पाहिले, त्यांना ‘शॉर्ट स्ट्रँगल’ अपरिचित वाटणार नाही. निर्देशांकाच्या वरचा एक कॉल आणि खालचा एक पुट विकायचा, दोन्हींचे प्रीमियम घ्यायचे आणि बाजार त्या पट्ट्यात राहील अशी अपेक्षा धरायची. संरक्षण म्हणून घेतलेल्या प्रीमियमच्या दुप्पट भावाला स्टॉप लावायचा, अशी प्रथा आहे.

मसुऱ्यातील एखाद्या व्यापाऱ्याने शुक्रवार, 4 एप्रिल 2025 रोजी असा सौदा केला, असे समजू. निफ्टी त्या दिवशी 22,904 वर बंद झाला. उदाहरणादाखल धरलेले भाव असे: 22,400 चा पुट 40 रुपयांना आणि 23,400 चा कॉल 30 रुपयांना विकला. पुटचा स्टॉप 80 वर. तो तिथेच लागला आणि कॉल शून्यावर गेला, तर तोटा एककामागे 10 रुपये, म्हणजे 75 च्या लॉटवर 750 रुपये. कागदावर हा हिशेब निर्धोक दिसतो.

अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्काला चीनने शुक्रवारी सायंकाळी प्रत्युत्तर दिले आणि शनिवार-रविवार बाजार बंद राहिला. सोमवारी, 7 एप्रिलला निफ्टी सुमारे 21,758 वर उघडला. त्या क्षणी 22,400 च्या पुटचे केवळ अंतर्गत मूल्यच 642 रुपये होते. 80 या भावाला व्यवहार झालाच नाही. बाजाराने तो आकडा ओलांडूनच दार उघडले. 642 ला सुटका झाली, तरी कॉलचे 30 रुपये वजा जाता तोटा 572 रुपये, म्हणजे लॉटमागे 42,900 रुपये.

येथे आणखी दोन अडचणी आहेत. नेहमीची स्टॉप ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते; शुक्रवारची ऑर्डर सोमवारी अस्तित्वात नसते, ती पुन्हा घालावी लागते. शिवाय राष्ट्रीय शेअर बाजारात ऑप्शनसाठी मर्यादेसह स्टॉप घालावा लागतो. 80 ला जागा होऊन 90 पर्यंतच खरेदी करणारी ऑर्डर 642 च्या भावापुढे जागी होते, पण पूर्ण होत नाही. पडद्यावर ती ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर सौदा अजून उघडाच आहे, हे ओळखावे.

रात्र किंवा सुट्टी ओलांडणाऱ्या सौद्याला म्हणून खरेदी केलेल्या ऑप्शनचे कुंपण हवे. याच उदाहरणात 22,200 चा पुट 20 रुपयांना घेतला असता, तर मिळालेले निव्वळ प्रीमियम 50 रुपये उरले असते आणि खालच्या बाजूचा तोटा मुदतीअखेर 150 रुपयांवर, म्हणजे लॉटमागे 11,250 रुपयांवर थांबला असता. वरच्या बाजूलाही असेच एक कुंपण लागते आणि त्याचा खर्च मिळकतीतून जातो. तो खर्च वजा करून सौदा परवडत नसेल, तर तो संध्याकाळच्या आत मिटवावा. किती लॉट विकायचे हेही 750 च्या आकड्यावरून न ठरवता 42,900 च्या आकड्यावरून ठरवावे.