सकाळी डोळा चिकटला म्हणजे लगेच ट्यूब-थेंब नको. आधी डोळा कोणत्या कारणानं आलाय ते बघा

पावसाची झड लागली की आपल्याकडं डोळे यायला सुरुवात होते. एका वस्तीतलं एक पोरगं शाळेतून डोळा चोळत घरी येतं अन् पंधरा दिवसांत अर्धी वस्ती काळा चष्मा लावून फिरते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुणे जिल्ह्यात आळंदीत मोठ्या संख्येनं रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या, मग साथ राज्यभर पसरली, आणि रुग्णांच्या यादीत आपला बुलढाणा जिल्हा सगळ्यात वर होता. त्या काळात तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलवर गेलं तरी डोळ्यात टाकायच्या थेंबांसाठी रांग. मीही त्या रांगेत होतो, आणि चुकलो. ती चूक सांगतो, कारण आजही गावात तेच चालू आहे.

माझा पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. सोमवारी सकाळी उठला तर डाव्या डोळ्याच्या पापण्या चिपडांनी चिकटलेल्या. ओल्या फडक्यानं सोडवल्या तर आत डोळा लालभडक. वाळूचा कण गेल्यासारखं खुपतंय म्हणाला. दोन दिवसांपासून सर्दी होती. आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला : चिकटलाय म्हणजे पू झालाय, पू झालाय म्हणजे औषध पाहिजे. मंगळवारी मी मेडिकलवरून थेंबांची बाटली आणली. कोणी चिठ्ठी विचारली नाही, मी दाखवली नाही. थेंब टाकले अन् संध्याकाळपर्यंत लाली बरीच उतरली. आम्ही खूश. बुधवारी उजवा डोळाही आला.

गुरुवारी त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी आधी डोळा नाही, कान चाचपला. म्हणजे कानाच्या अगदी पुढं, गालाच्या हाडावर बोट फिरवलं. तिथं दोन्ही बाजूंना छोटी, दुखरी गाठ लागत होती. मग विचारलं, "दिवसभर पू येतो की पाणी?" पाणीच येत होतं. चिकटायचं ते फक्त सकाळी. ते म्हणाले, हा विषाणूचा आहे. मग बाटली मागितली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि मला वाचायला लावली. अँटिबायोटिकच्या नावाशेजारी लिहिलं होतं डेक्सामेथासोन. म्हणजे स्टेरॉईड.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळा घोळ इथंच आहे. सकाळी डोळा चिकटणं हे तिन्ही प्रकारांत होऊ शकतं. रात्रभर पापणी बंद असते, डोळ्यातला स्राव तिथंच साचून वाळतो आणि पापण्यांचे केस एकमेकांना चिकटतात. त्यामुळं नुसतं सकाळी चिकटलं यावरून जिवाणू आहेत असं ठरवता येत नाही. खरी ओळख होते ती तोंड धुतल्यानंतर, दुपारपर्यंत काय होतं त्यावर.

विषाणूचा असेल तर सकाळी एकदा डोळा साफ केला की दिवसभर मुख्यतः पाणी गळतं. बहुतेक वेळा आधी एक डोळा येतो आणि दोन-तीन दिवसांत दुसरा. सोबत सर्दी, घसा, कधी बारीक ताप, आणि ती कानापुढची गाठ. आपल्याकडच्या साथी बहुतेक याच प्रकारच्या असतात. यातलाच एक प्रकार फार झपाट्यानं, एक-दोन दिवसांतच एकाकडून दुसऱ्याकडं जातो आणि त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचे डाग पडतात. माणूस घाबरतो, पण तोही साधारण आठवड्यात उतरतो. इतरांना दहा-पंधरा दिवसही लागतात. अँटिबायोटिकचे थेंब विषाणूला मारत नाहीत, टाकले काय अन् न टाकले काय. घरगुती उपाय म्हणाल तर स्वच्छ फडकं थंड पाण्यात बुडवून, पिळून, बंद डोळ्यावर ठेवणं, एवढाच.

जिवाणूचा असेल तर पिवळा किंवा हिरवट, दाट पू दिवसभर येत राहतो. पुसला की थोड्या वेळात पापणीच्या कडेला पुन्हा जमा. सकाळी दोन्ही डोळे घट्ट बंद सापडणं आणि खाज अजिबात नसणं, हे दोन्ही एकत्र असेल तर जिवाणूची शक्यता वाढते. लहान लेकरांत हा जास्त दिसतो. अँटिबायोटिकचा उपयोग असला तर इथंच, आणि गंमत म्हणजे साधा असेल तर तोही आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, औषधानं फक्त थोडा लवकर जातो. पण पू धो-धो वाहतोय, पुसता पुसता पुन्हा भरतोय, पापणी सुजलीय, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तिसरा ॲलर्जीचा, आणि यात एकच शब्द लक्षात ठेवायचा : खाज. माझ्या मुलीला दरवर्षी पोळ्यानंतर, बांधावरचं गाजर गवत फुललं की होतो. दोन्ही डोळे एकाच वेळी, इतके खाजतात की मनगटानं चोळते. सोबत शिंका. डोळ्यातून पांढरट, दोऱ्यासारखा चिकट स्राव ओढला जातो. पू नसतो. तिचे डोळे आले म्हणून घरात दुसऱ्या कुणाचे येत नाहीत, कारण हा पसरतच नाही. तरी एका वर्षी तिला शाळेतून परत पाठवलं होतं. सोयाबीन, तुरीची मळणी, कुटाराची धूळ, कुणाला जनावराचे केस, यानंही होतो. चोळल्यानं तो वाढतो, थंड पाण्याच्या पट्टीनं आणि धुळीपासून लांब गेल्यानं कमी होतो. ॲलर्जीचे वेगळे थेंब मिळतात, ते डॉक्टरांनी सांगितलेलेच घ्यायचे.

आता त्या बाटलीकडं परत येऊ. स्टेरॉईडनं लाली खरंच लवकर उतरते, कारण ते सूज दाबतं. विषाणूला ते हात लावत नाही, उलट शरीराची लढाई ढिली करतं. विषाणूच्या डोळ्यात ते टाकलं तर आजार लांबू शकतो. त्याहून वाईट म्हणजे बुबुळाला जखम असेल आणि त्यात बुरशी किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू असेल, तर स्टेरॉईडनं ती जखम फोफावते. आमच्या शिवारात एकाच्या डोळ्यात मळणीच्या वेळी तुरीचं कुटार उडालं होतं. त्यालाही वाटलं डोळे आले. साथ चालूच होती. शेजाऱ्याच्या घरातली उरलेली बाटली आठवडाभर टाकली. दुखणं आधी कमी, मग असह्य, आणि बुबुळावर पांढरा ठिपका. बुरशी निघाली. डोळा वाचला, पण नजर अधू झाली. शिवाय ॲलर्जीवाली माणसं असले थेंब महिनोनमहिने स्वतःच टाकत राहतात, त्यांना काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. म्हणून बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, अशी 'सोन' किंवा 'सोलोन'नं संपणारी नावं दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती डोळ्यात जाता कामा नये. पुतण्याचे थेंब त्या दिवशीच बंद केले.

त्यालाही पंधरा दिवस लागले, आणि मधल्या काळात आम्हीही पडलो. आठव्या दिवशी आई, नवव्या दिवशी बायको. कसं पसरलं याचा शोध घेतला तेव्हा कळलं की काळ्या चष्म्याचा काही संबंध नव्हता. डोळ्यात डोळा घालून पाहिल्यानं हा आजार होत नाही, चष्म्यानं फक्त उजेडाचा त्रास कमी होतो. पसरतो तो हातानं आणि कपड्यानं. पोराचे डोळे आई पदरानं पुसायची आणि त्याच पदरानं स्वतःचा घाम. न्हाणीत एकच टॉवेल टांगलेला. आणि मोबाईल! पोरगं डोळा चोळत मोबाईल बघायचं, तोच नंतर सगळ्यांच्या हातात. हा विषाणू कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस टिकतो. सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाचं नाही, साबण आणि वाहतं पाणी हवं, निदान वीस सेकंद चोळून.

नंतर घरात आम्ही जे केलं त्यानं बाकीचे दोघं वाचले. ज्याचा डोळा आला त्याचा टॉवेल, उशी, पांघरूण वेगळं. उशीचा अभ्रा रोज गरम पाण्यात साबणानं धुऊन उन्हात. ऊन नसेल तर चुलीजवळ पूर्ण कोरडा करून. पाणी उकळून झाकून गार केलं, त्यात कापसाचा बोळा भिजवून चिपडांवर थोडा वेळ ठेवायचा, ती मऊ झाली की नाकाच्या बाजूकडून बाहेर एकदाच पुसायचं. तो बोळा चुलीत, दुसऱ्या डोळ्याला नवा. आधी आणि नंतर हात धुणं. पुसणारा एकच माणूस ठरवला. काजळ, सुरमा बंद. डॉक्टरांनी थेंब दिलेच तर बाटली त्या एकाचीच, तिचं टोक पापणीला टेकवायचं नाही आणि उघडून महिना झाला की टाकून द्यायची. ताकाच्या भांड्याशेजारच्या कोनाड्यात मागच्या साथीची बाटली जपून ठेवलेली असते, ती तर आजच टाका.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, धण्याचं पाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका. आईचा यावरून आमच्याशी दोन दिवस अबोला होता.

काही डोळे मात्र घरी ठेवायचेच नाहीत. खुपण्याच्या पलीकडं खरं दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, डोळे मिचकावूनही अंधूकच दिसत असेल, बुबुळावर पांढरं काही दिसत असेल, डोळ्यात कुटार, पातं, काडी लागली असेल, लेन्स वापरत असाल, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. म्हाताऱ्या माणसाचा एकच डोळा लाल, सोबत कपाळ फुटल्यासारखं दुखतंय आणि उलटी होतेय, हे डोळे येणं नाहीच, तो काचबिंदूचा झटका असू शकतो. फवारणीचं औषध उडालं असेल तर आधी तिथंच, विहिरीवर का होईना, स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग बाटली सोबत घेऊन निघायचं.

शाळेचं विचाराल, तर ॲलर्जीवाल्या पोराला घरी बसवायची गरज नाही. विषाणूवाल्याला डोळ्यातलं पाणी आणि लाली जाईपर्यंत घरीच ठेवायचं. पुतण्याला दहाव्या दिवशी शाळेत पाठवायची आमची घाई चालली होती. सकाळी डोळा पाहिला, पाणी अजून गळत होतं. आणखी पाच दिवस तो घरी राहिला.