नाकातला वाटाणा

शनिवारची रात्र. ताईकडे मस्त गप्पांचा अड्डा जमला होता. रविवारी घरच्या मिसळीचा बेत, म्हणून आई खाली बसून ताटात पांढरे वाटाणे निवडत होती आणि अडीच वर्षांची आमची भाची तिला 'मदत' करत होती. तेवढ्यात बाईसाहेब माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ''मावशी, वाटाणा गेला.''

''कुठे गेला?''

तिने ऐटीत उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

पुढची पाच मिनिटं म्हणजे निव्वळ गोंधळ. वाटाणा अगदी तोंडाशीच दिसत होता. जिजूंनी ताईचा भुवया करायचा प्लकर उचलला आणि, ''दोन सेकंदांत काढतो,'' म्हणत कामाला लागले. प्लकर वाटाण्यावरून सटकला. वाटाणा दिसेनासा झाला, नाकातून रक्ताचा थेंब आला आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, ''चिमूटभर तपकीर हुंगवा, शिंकेसरशी येईल बाहेर.'' सुदैवाने ताईने तोवर मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला होता. ते पहिलंच वाक्य बोलले, ''आधी सगळ्यांनी हात मागे घ्या.''

नंतर त्यांनी जे समजावलं, ते प्रत्येक आईबाबांना (आणि मावशी-काकांना!) ठाऊक असायला हवं.

मणी काय, वाटाणा काय, गोल आणि गुळगुळीत. चिमट्याची दोन टोकं त्याच्या पुढच्या बाजूला टेकतात आणि पकडायला गेलं की तो मागे सरकतो. बोट, इअरबड, हेअरपिन, सगळ्यांची तीच गत. डॉक्टर काढतात तेव्हा टोकाला वाकवलेला बारीक हूक वस्तूच्या मागे नेतात आणि पुढे ओढतात. किंवा सक्शन लावतात. तेही मूल नीट धरून, डोक्याला लावलेल्या लाइटच्या उजेडात. शिवाय पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा असतो. एकदा टोचलं की आतली त्वचा सुजते, रक्त येतं आणि मूल पुन्हा कुणाला जवळ येऊ देत नाही. म्हणजे आपला फसलेला 'दोन सेकंदांचा' प्रयत्न डॉक्टरांचंही काम अवघड करून ठेवतो.

तपकीर किंवा मिरपूड का नको? कारण शिंकेच्या आधी मूल जोरात श्वास आत ओढतं. वस्तू मागे घशाकडे आणि तिथून श्वासनलिकेत जाण्याची भीती तिथेच असते. 'नाक शिंकर' म्हटलं तरी या वयाची मुलं बहुतेक वेळा उलट आत ओढतात. उताणं झोपवून नाकात पाणी सोडणंही म्हणूनच वर्ज्य.

मग करायचं काय? डॉक्टरांनी फोनवरून ताईला एक युक्ती सांगितली. तिचं इंग्रजी नाव भारी गोड आहे, 'मदर्स किस'. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने 1965 मध्ये ती मांडली होती. मुलाला सांगायचं, आई मोठ्ठी पापी घेणार आहे. आपलं तोंड त्याच्या उघड्या तोंडावर घट्ट बसवायचं, कुठून हवा निसटता कामा नये. वस्तू नसलेली नाकपुडी बोटाने दाबून बंद करायची. मग हळू फुंकायला लागायचं आणि किंचित अडल्यासारखं वाटलं की एकच छोटी, झटकन फुंकर. हवा घशामागून वर जाते आणि मोकळ्या नाकपुडीतून वस्तूला मागून ढकलते. वस्तू मागून पुढे, डॉक्टरांच्या हुकासारखंच!

ताईची पहिली फुंकर वाया गेली, कारण पोरगी रडत होती आणि ओठांच्या कडेने हवा निसटली. तिला शांत करून, दोन पाप्या घेऊन दुसऱ्यांदा प्रयत्न केला आणि वाटाणा शेंबडासकट ताईच्या गालावर! 2012 मध्ये या युक्तीच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा साधारण दहातल्या सहा मुलांना ती लागू पडलेली दिसली. म्हणजे चार जणांच्या बाबतीत नाही. म्हणून दोन-तीनदा करून बघायचं, नाही जमलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि तोवर खायला द्यायचं नाही, कारण कधीकधी गुंगी देऊन वस्तू काढावी लागते.

''सकाळी गेलं तर नाही का चालणार?'' हा जिजूंचा प्रश्न. मणी असता, मूल आरामात असतं, तर डॉक्टर कदाचित हो म्हणाले असते. पण रात्री भिजत घातलेला वाटाणा सकाळी केवढा होतो, ते मिसळ करणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. नाकातही ओलावा असतोच. वाटाणा, हरभरा, चिंचोका, सगळे तिथे फुगतात आणि घट्ट बसतात.

कानाचंही तेच, फक्त तिथे फुंकरीची सोय नाही. कानाची नळी आत अरुंद होत जाते, तिथली कातडी पातळ, चटकन दुखणारी आणि मागे पडदा. आपल्याकडे कानात काही गेलं की तेलाची वाटी पुढे येते. जिवंत किडा वळवळत असेल तर तेलाचे थेंब घालून त्याला मारतात, हे खरं. पण बी गेली असेल तर पाणी नको, तेलही नको. पाण्याने बी फुगते, तेलाने वस्तू निसरडी होते. आणि पडद्याला भोक असेल तर दोन्हीही आत उतरतं. मान त्या बाजूला कलती करून बघा. आपोआप पडलं तर ठीक, नाहीतर डॉक्टर.

एका वस्तूला मात्र ना फुंकर, ना थेंब, ना 'बघू सकाळी'. ती म्हणजे बटण सेल. गाणारी खेळणी, गाडीच्या किल्ल्या, दिवाळीतल्या लुकलुकत्या पणत्या, सगळीकडे असतो. ओल्या त्वचेला टेकला की त्यातून वीज वाहते, तिथे दाहक अल्कली तयार होते आणि काही तासांत नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. नुसती शंका आली तरी थेट इमर्जन्सी गाठा. तसंच मूल एकदम खोकायला लागलं, श्वासाला त्रास झाला किंवा छातीतून शिटीसारखा आवाज आला, तर वस्तू खाली गेली असं समजून तसंच निघा.

आणि आपल्यासमोर काही घडलंच नसेल तर? सगळीच मुलं येऊन कबुली देत नाहीत. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, कधी रक्ताळलेला स्राव येत असेल, तर सर्दीचं सिरप बदलत बसू नका, डॉक्टरांना नाकात बघायला सांगा.

वाटाणा बाहेर आल्यावरही डॉक्टरांनी भाचीला क्लिनिकवर बोलावलंच. दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान तपासायला. कारण एक सापडला म्हणजे एकच होता, असं नाही. डाव्या कानात एक छोटासा निळा मणी निघाला. कधीचा, देव जाणे!

रविवारी मिसळ झाली. प्लकर आता कपाटाच्या वरच्या खणात असतो. पोरीच्या हाती लागू नये म्हणून नाही... जिजूंच्या!