सत्कारमूर्तींचा परिचय
शिक्षक दिनाच्या समारंभात पुरस्कारप्राप्त शिक्षकाचा परिचय दोन-तीन मिनिटांत आटोपावा लागतो. पदव्या, बदल्या आणि सेवेची वर्षे वाचण्यातच तो वेळ गेला, तर शिक्षक वर्गात नेमके काय करतात हे सभागृहाला कळत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्याला ‘सर कसे होते?’ असे न विचारता ‘न येणारी कोणती गोष्ट त्यांच्यामुळे आली?’ असे विचारावे. समजा, दुसरीतल्या मुलाने ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले आणि उत्तर ३५ लिहिले. बाईंनी फुली न मारता दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. सात काड्या देण्यासाठी त्याने एक गठ्ठा सोडला, तेव्हा बारातून पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन दिल्यावर दोन राहिले, आणि २५ हे उत्तर त्याला स्वतःलाच सापडले. परिचयात हा प्रसंग आधी सांगावा. त्यानंतर शाळा, विषय, पुरस्काराचे नाव आणि वर्ष एका वाक्यात द्यावे. दुसऱ्या शिक्षकाचे नाव घातले तरी आठवण तशीच चालत असेल, तर ती बदलावी. चुकलेल्या विद्यार्थ्याचे नाव मात्र त्याच्या संमतीनेच घ्यावे.