'थँक यू ऑल'मध्ये नेमकं कोण?

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रुपवर मेसेज टाकला. 'थँक यू सो मच ऑल, बेस्ट बर्थडे एव्हर, लव्ह यू गाइज', आणि पुढे सात हार्ट. सगळ्यांनी अंगठा दाखवला, विषय संपला. नंतर तो परत वाचताना लक्षात आलं की, मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाने जवळजवळ हाच मेसेज टाकला होता. त्याच्या पार्टीत डीजे होता. माझ्या पार्टीत पीजीची गच्ची होती आणि वाऱ्याने सारख्या विझणाऱ्या मेणबत्त्या. तरी आभार मात्र सेम टू सेम!

म्हणजे यांनी माझ्यासाठी जे केलं, ते मी नीट पाहिलंच नव्हतं. सरप्राइज पार्टीची गंमतच ही आहे की, जिच्यासाठी ती असते तिला त्यातलं निम्मं कधी दिसत नाही. दार उघडलं, सगळे ओरडले, केक कापला, एवढंच आपल्याला कळतं. त्याआधीचे चार दिवस कळत नाहीत. मग आभार मानणार कशाचे?

शेवटी मी वार्ताहरासारखी एकेकाला विचारत सुटले. कोणी, काय, केव्हा, कसं. वर्गात शिकलेलं कुठेतरी कामाला आलं म्हणायचं.

रूममेटचं काम होतं मला बाहेर ठेवायचं. 'कानातले बघायचेत' म्हणून तिने मला फर्ग्युसन रस्त्यावर दोन तास फिरवलं आणि एकही जोड घेतला नाही. शेवटी मी भर रस्त्यात तिच्यावर डाफरले, 'तुला कामं नसतील, मला आहेत!' ती काही बोलली नाही, फक्त फोन बघत राहिली. तेव्हा ती गच्चीवरच्या लोकांना 'अजून वीस मिनिटं' असं कळवत होती. तिच्या मेसेजमध्ये मला थँक यूच्या आधी सॉरी लिहावं लागलं. तेही नेमकं, 'त्या दुकानासमोर मी जे बोलले त्याबद्दल' असं. नुसतं 'काही चुकलं असेल तर सॉरी' लिहिलं असतं, तर त्याला काय अर्थ?

केक आणणाऱ्याने तो स्कूटीवर पायांत धरून आणला. स्पीडब्रेकरवर तो डब्याला चिकटला आणि माझ्या नावाचं शेवटचं अक्षर गेलं. त्याने ते चमच्याने पुन्हा काढलं होतं. मला वाटलं होतं, बेकरीवाल्याचं अक्षरच वाईट!

पण खरा धक्का वेगळाच होता. आमच्या पीजीत रात्री आठनंतर गच्ची बंद असते. परवानगी कोणी काढली? तर वर्गातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलाने. काकूंनी पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी परत गेला, दहाच्या आत आवाज बंद करतो आणि गच्ची झाडून देतो, असा शब्द देऊन आला. पार्टीत मी त्याच्याशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. फोटोतही तो नाही, कारण सगळे फोटो त्याने मोबाइलचा टॉर्च धरला म्हणून आलेत.

त्याला मी एवढंच लिहिलं : 'तू काकूंकडे दोनदा गेलास, हे मला आज कळलं. फोटोंमध्ये उजवीकडून जो उजेड पडलाय, तो तू आहेस. आपला एकही फोटो नाही, तो या आठवड्यात काढू.'

लिहिताना मी एकच तपासत होते. नाव बदलून हा मेसेज दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर खोडायचा. आणि प्रत्येकाला एकच प्रसंग. सगळं लिहायला गेलं की आभाराचा अहवाल होतो.

काही गोष्टी मात्र ग्रुपवर मुद्दाम टाकल्या नाहीत. कोणी किती पैसे काढले, हा विषय तर नाहीच, कारण कुणाला महिनाअखेरीला शंभर रुपयेही जड जातात. आदल्या आठवड्यात एका मुलाखतीत मला नकार मिळाला होता आणि मी रडले होते, हे एकाच मैत्रिणीला माहीत होतं. पार्टीची कल्पना तिचीच. ती शेवटची साताऱ्याची एसटी पकडायला केक न खाता निघाली. तिला मी टाइप केलं नाही, फोन केला.

गच्चीवाल्या मुलाचं उत्तर तीन तासांनी आलं. 'काकूंना केक दिलास का?'

नव्हता दिला. फ्रिजमध्ये एक तुकडा उरला होता. तो बशीत घेऊन मी खाली गेले.