फक्त दोन वेळा खायला घालायचं

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊनच माझ्या दारात आल्या. चार दिवसांनी न्यू जर्सीला निघायचं होतं. मुलीचं बाळंतपण, साडेतीन महिने मुक्काम. "बोक्याकडे तेवढं बघाल ना ताई? फक्त दोन वेळा खायला घालायचं."

मी नाही म्हणाले. प्रकृती, पाहुणे, गावी जायचंय, असलं एकही निमित्त पुढे केलं नाही. "वहिनी, मी बोका सांभाळणार नाही आणि किल्लीही ठेवून घेणार नाही," एवढंच स्वच्छ सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या बाकांवर माझ्या माणुसकीचा पंचनामा झाला. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही, असं एका काकांनी मला जिन्यात अडवून विचारलं. त्यांना तिथे दिलं ते उत्तर पुरेसं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

त्या 'फक्त'चा मला संताप येतो. विमानाचं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असतं, व्हिसाच्या मुलाखतीची तयारी झालेली असते, चकल्या आणि डिंकाचे लाडू डब्यात भरलेले असतात. घरात सात वर्षं वाढलेल्या जिवाची सोय मात्र चार दिवस उरल्यावर आठवते. मग शेजारणीच्या गळ्यात ती घालायची, तीही काम किती आहे ते लपवून.

कारण मांजराला खायला घालणं हा त्या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम आहे लक्ष ठेवण्याचं. मांजर दुखणं लपवतं. घरची माणसं गेली की ते पलंगाखाली शिरतं, आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं येऊन वाटी भरणाऱ्या परक्या बाईला त्याची शेपटीही दिसत नाही. वाटी रिकामी झाली का, एवढं तिला कळेल. पण लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न टाकलं तर त्याच्या यकृतात चरबी साचायला लागते, आणि पुढे ते जिवावर बेततं. हे माहीत नसलेला माणूस "मालकिणीची आठवण येत असेल" म्हणून स्वस्थ बसतो.

बोक्याचं तर त्याहून अवघड. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. कोरडं खाणं, कमी पाणी, त्यात घर अचानक रिकामं झाल्याचा ताण, आणि मूत्राशयाला सूज येते. मग त्या अरुंद वाटेत खडे किंवा चिकट गाळ अडकतो आणि लघवी तुंबते. तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. ओळखायची खूण ट्रेमध्ये असते. लिटरमध्ये लघवीचे गोळे होतात. ते रोज मोजायचे. नेहमी दोन-तीन असतील आणि आज एकही नसेल, किंवा सुपारीएवढे बारके असतील, तर घड्याळ सुरू झालं असं समजायचं. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालाय, आणि तो एरंडेल शोधायला लागतो. उलट्या सुरू होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी अशाच भिडेपोटी मी आधीच्या सोसायटीत एकांना हो म्हणाले होते. तेही अमेरिकेला, तोही बोका, तेही 'फक्त दोन वेळा'. नवव्या दिवशी सकाळी ट्रे कोरडा दिसला. आदल्या संध्याकाळी तो कोरडा होता की नाही, हे मला आठवेना, कारण मी बघितलंच नव्हतं. बोका न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसून होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि मूत्राशय मोसंबीएवढं टणक झालंय म्हणाले. गुंगी देऊन नळी घालावी लागेल, सलाइनवर ठेवावं लागेल, गुंगीत जीवही जाऊ शकतो. सही कोण करणार?

पुण्यात सकाळचे 11 वाजले होते, तिकडे रात्रीचा दीड. सात वेळा फोन केला, कोणी उचलला नाही. दुसऱ्याच्या जिवावर मी सही केली आणि 18,000 रुपये भरले. चौथ्या दिवशी बोका घरी आला आणि पुढच्या पाच दिवसांत पुन्हा तुंबला. अशा बोक्यांचं पुन्हा तुंबणं नवं नाही. त्या रविवारी मी भावाकडे जेवायला गेले होते. परतले तेव्हा तो गेलेला होता. मालकीण फोनवर म्हणाली, "आमच्याकडे असताना कधी असं झालं नाही हो." ते वाक्य मी विसरलेली नाही. पैशांचा विषय तिने काढला नाही, आणि मीही नाही.

कायद्याला हे सगळं ठाऊक आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. दुसऱ्याचं काही सांभाळायला घेतलं तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे, असं कलम 151 सांगतं, आणि फुकट सांभाळणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. जनावरही त्यात येतं. कलम 163 मधलं उदाहरणच सांभाळायला ठेवलेल्या गाईचं आहे. ती व्याली तर वासरूही मालकाला परत द्यायचं. आणि फुकट सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च मालकाने भरून द्यायचा, हे कलम 158. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना कळत होतं की सांभाळणं हा बोजा आहे. आमच्या सोसायटीला तो 'तेवढं बघणं' वाटतो.

किल्लीचंही तेच. किल्ली घेतली की स्वयंपाकघरातला नळ गळाला, खालच्यांच्या छताला ओल आली, कपाटातलं काही सापडेनासं झालं, की पहिला फोन मला.

ज्यांना सांभाळायचंच असेल त्यांनी सांभाळावं. पण आधी मालकाकडून डॉक्टरांच्या नावे पत्र घ्यावं, की अमुक रकमेपर्यंतचे उपचार आणि गुंगी यांना माझी परवानगी आहे. ती रक्कम आगाऊ घ्यावी. मालक घरात असतानाच आठवडाभर रोज जाऊन बसावं, म्हणजे बोका किती खातो, किती गोळे करतो, कुठे लपतो ते कळेल. आणि साडेतीन महिने एकही रात्र बाहेरगावी जाणार नाही ना, हे स्वतःला विचारून घ्यावं. मला ते जमणार नाही. भिडेला पडून 'हो' म्हणणाऱ्या माणसाचा मला आता राग येतो, कारण त्या होकाराची किंमत तो स्वतः मोजत नाही. पलंगाखाली दडलेलं जनावर मोजतं. आणि तो 'हो' मिळाला की मालक दुसरी सोय शोधायचं थांबवतात.

मी नाही म्हणाले म्हणून वहिनींना ती सोय शोधावी लागली. दोन दिवस फोन झाले आणि नणंदेचा मुलगा, इथेच कॉलेजात शिकणारा, पुस्तकं घेऊन त्यांच्या घरी राहायला आला. तो रात्री तिथेच झोपतो. वहिनी निघताना माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या मुलाला मी घरी बोलावून गोळे कसे मोजायचे ते दाखवलं आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रीजवर लावायला सांगितला. काल लिफ्टमध्ये भेटला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मावशी, आज तीन."