पाचटाच्या धुरात पहाटेची धाव : मैदान की घर, कसं ठरवायचं?

कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यात दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. रात्री कुठं ना कुठं पाचट पेटलेलं असतं आणि पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर पळत असतात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि ५० पैकी २० गुण या एकाच धावेवर आहेत. त्यामुळं सराव बुडवायचा नाही हे बरोबरच आहे. पण धूर असेल त्या दिवशी पहाटेचीच वेळ धरून बसणं तोट्याचं आहे.

याचं कारण साधं आहे. थंडीत रात्री जमीन गार पडते आणि तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. पाचट, चुली आणि वीटभट्ट्यांचा धूर या झाकणाखाली अडकून राहतो. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण उठतं आणि धूर वर जातो. म्हणून अशा दिवसांत पहाटेपेक्षा दुपारी तीन ते पाचची हवा बहुतेक वेळा बरी असते. सूर्य मावळला, चुली पेटल्या की पुन्हा तेच सुरू होतं.

आता मोबाईलवरच्या आकड्याचं बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर एक्यूआय दिसतो. १०० पर्यंत हवा ठीक असते, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब आणि त्यापुढं अति खराब. पण यंत्रं बहुतेक शहरांत बसवलेली आहेत आणि धुळी-धुराचा हा आकडा मागच्या २४ तासांची सरासरी असतो. तुमच्या शिवारात रात्री दोनला पेटलेला फड त्यात दिसणार नाही.

म्हणून गावातली खूण धरा. रोज दिसणारी एखादी लांबची वस्तू ठरवून ठेवा, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस. उजाडल्यावरही ती पुसट दिसत असेल तर वास घ्या. धुकं पांढरं आणि ओलसर असतं, त्याला वास नसतो. धूर निळसर-करडा असतो, जळका वास येतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. दोन्ही एकत्र असलं तर धूरच समजा.

धुरात वेग का कमी करायचा, याचा हिशोब बघा. बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळताना तीच ८० लिटरच्या वर जाते, तीही तोंडानं, म्हणजे नाकाची चाळणी सुटते. अर्धा तास जोरात पळालं तर जवळपास २४०० लिटर धुरकट हवा छातीत जाते. तेवढाच वेळ घरात बसणाऱ्याच्या छातीत सव्वादोनशे लिटर जाते.

समजा, एखाद्या पोराचा मंगळवारी ४०० मीटरच्या सहा जोरदार फेऱ्यांचा सराव आहे आणि पहाटे धूर आहे. त्यानं फेऱ्या रद्द करू नयेत, सरकवाव्यात. दुपारी चारला हवा मोकळी झाली तर तेव्हा पळावं. तेव्हाही थोडा धूसरपणा असेल तर डांबरी रस्ता सोडून शेतरस्त्यानं वीस मिनिटं हळू पळावं. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकंच. जोराच्या फेऱ्या बुधवारी किंवा गुरुवारी कराव्यात. वेगाचा सराव एक-दोन दिवस पुढं गेल्यानं दम कमी होत नाही. धूर दिवसभर हटला नाही, किंवा जवळच्या शहराचा आकडा २०० च्या वर असेल, तर घरातच जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि पोटाचे व्यायाम करावेत.

पण घर म्हणजे आपोआप चांगली हवा नव्हे. चुलीचा धूर असलेली खोली, मच्छर अगरबत्ती लावलेली खोली किंवा धुळीनं भरलेला पत्र्याचा शेड बाहेरच्यापेक्षा वाईट असू शकतो. चुलीपासून लांबची खोली निवडा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. धूर असेपर्यंत खिडक्या बंद ठेवा, नंतर उघडा. तोंडाला रुमाल बांधून पळण्याचा उपयोग नाही, धुराचे बारीक कण त्यातून आरपार जातात.

दमा असलेल्यांनी धुराच्या दिवशी बाहेर पळूच नये. आणि कोणालाही पळताना छाती आवळली, श्वासात शिट्टीसारखा आवाज आला किंवा खोकला थांबेना, तर तिथंच थांबावं. थांबूनही त्रास कमी झाला नाही तर दवाखाना गाठावा.

एक काम आपल्या शेतकऱ्यांकडंही आहे. पाचट न जाळता कुजवलं तर जमिनीलाच फायदा आहे. तरीही कोणी जाळणारच असेल, तर आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकावी. पोरांना दुसऱ्या दिवशीची वेळ बदलता येईल.